नव्या हातात सुरी देताना: माझा अनुभव

हॉटेलच्या किचनमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना सुरी शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. बहुतेकांनी घरी विळी वापरलेली असते. विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी पुढे जाते, बोर्डवर नेमकं उलट. त्यामुळे भाजी धरणारा हात काय करतो, हे त्यांना नव्यानेच शिकावं लागतं.

आधी बोर्डखाली ओलं फडकं पिळून पसरायला लावतो. सरकणाऱ्या बोर्डवर कितीही चांगली पकड कामाची नाही. मग आठ इंची शेफ नाईफ देतो. अंगठा आणि तर्जनीने मुठीच्या अगदी पुढे पात्यालाच चिमटीत धरायचं, उरलेली तीन बोटं मुठीवर. नवखी मुलं तर्जनी पात्याच्या पाठीवर ताणून ठेवतात. त्याने सुरी डुलते आणि मनगट लवकर दुखतं. दुसऱ्या हाताची बोटं आत वळवायची, अंगठा त्यांच्या मागे ठेवायचा आणि पातं मधल्या पेरांना घासत खाली-वर होऊ द्यायचं. पेरं जितकी मागे सरकतील तितकी चकती जाड येते.

सराव कांद्यावर. देठाकडचं टोक कापायचं, मुळाकडचं राखायचं, कारण सगळे पापुद्रे तिथेच धरलेले असतात. उभे दोन भाग करून साल काढली की सपाट बाजू बोर्डवर टेकवायची. मुळापर्यंत न पोचणारे उभे काप, मग बोर्डला समांतर एक-दोन आडवे काप, शेवटी आडवं चिरत यायचं. जखम बहुधा त्या समांतर कापात होते: तळवा कांद्यावर सपाट ठेवून बोटं वर उचललेली हवीत, आणि सुरी ढकलायची नाही, हलकी मागेपुढे ओढायची. कांदा निसटला तर मी आधी हात बघत नाही, धार बघतो. बोथट सुरी सालीवर घसरते, मुलगा जोर लावतो आणि तोच जोर बोटावर येतो. शिवाय ती कांदा चिरण्याऐवजी चेचते, म्हणून डोळ्यांतून पाणीही जास्त येतं.

म्हणून धार लावणं मी लवकरच सुरू करतो. हजार ग्रिटचा पाण्याचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, भिजवायचा आणि ओल्या फडक्यावर ठेवायचा. आमच्या सुऱ्यांना एका बाजूला सुमारे 20 अंशांचा कोन ठेवतो. कोन डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून माप देतो: पातं 45 मिलीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण 15 मिलीमीटर वर. तोच कोन सांभाळत मुठीपासून टोकापर्यंत एक बाजू घासायची. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला काठावर बारीक खरखरीत किनार उठते. ती बघायला अंगठा पाठीकडून काठाकडे आणि बाहेर न्यायचा, काठाच्या लांबीने कधीच नाही. किनार सगळ्या लांबीवर जाणवली की मगच बाजू बदलायची.

बहुतेकांची गडबड टोकाजवळ होते. पातं तिथे वळतं, पण हात सरळच जातो, त्यामुळे टोक बोथट राहतं. हे दाखवायला मी काठावर मार्करने काळी रेघ ओढून देतो. चार-पाच घासण्यांनंतर रंग काठाच्या वरच गेला असेल तर कोन फार कमी आहे; फक्त अगदी कडेचा गेला असेल तर कोन फार जास्त. टोकाशी रंग तसाच असेल तर मनगट थोडं वर उचलायला सांगतो. मुलांना बोलून जे पटत नाही, ते त्या रेघेवरून लगेच दिसतं. शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, अगदी हलक्या हाताने घासून किनार घालवायची. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली तर झालं. स्टीलच्या दांड्यावर सुरी ओढणं हे धार लावणं नव्हे. त्याने वाकलेला काठ सरळ होतो, एवढंच. टोमॅटोवर सुरी पुन्हा घसरायला लागली की दगडाकडे परत.

एक नियम मी पहिल्याच तासाला सांगतो: सुरी हातातून पडली तर पकडायची नाही, पाय मागे घ्यायचे. आणि फेस असलेल्या सिंकमध्ये सुरी सोडायची नाही. भांडी घासणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. वापरून झाल्यावर स्वतः धुवायची, धार अंगापासून दूर ठेवून पुसायची आणि लगेच कोरडी करायची. लिंबू-टोमॅटो चिरल्यावर तर उशीर नकोच, त्या आंबटाने पात्यावर डाग पडतात. भिंतीवरच्या चुंबकपट्टीला आधी पाठ टेकवायची, मग पातं आडवं करायचं. काढताना पाठीवर फिरवून उचलायचं. सरळ ओढलं तर धार पट्टीवर घासते. ड्रॉवरमध्ये ठेवायची असेल तर कव्हर घालूनच.