तुम्ही विचारलंत म्हणून: लघवी करताना काढायचा फोटो

“सिस्टर, पोरीच्या सोनोग्राफीत काही नाही म्हणालेत, मग ती नळी घालून फोटो काढायची तपासणी कशाला? तिला लई त्रास होतोय काय?”

सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार, सूज आणि मूत्राशयाची ठेवण दिसते. लघवी उलटी वर चढते की नाही, हे बहुतेक वेळा दिसत नाही. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते आणि मूत्राशय भरला की भिंतीच्या दाबाने तिचे तोंड आपोआप मिटते. काही मुलांमध्ये भिंतीतला हा तिरका भाग जन्मतः आखूड असतो, त्यामुळे तोंड नीट मिटत नाही आणि विशेषतः लघवीच्या जोराने थोडी लघवी मागे वर जाते. मूत्राशयात जंतू असतील तर तेही तिच्यासोबत मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात; थंडी वाजून येणारा ताप त्यामुळे येतो. ही गोष्ट घडताना पाहायची असेल तर मूल लघवी करत असतानाच एक्स-रे घ्यावा लागतो, आणि आमच्याकडे एमसीयू म्हणतात ती तपासणी म्हणजे हेच. मूल टेबलावर लघवी करते की नाही, यावर तपासणीचा निम्म्याहून अधिक अर्थ अवलंबून असतो, म्हणून मी आई-वडिलांशी आधी याच विषयावर बोलते.

लघवीच्या पहिल्या इन्फेक्शननंतर प्रत्येक मुलाला ही तपासणी लागत नाही. ताप येऊन पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होत असेल, सोनोग्राफीत सूज दिसली असेल किंवा मुलग्याची लघवीची धार बारीक, थेंब थेंब येत असेल, तर डॉक्टर ती सांगतात. मुलग्यांमध्ये मूत्रमार्गातला जन्मजात पडदा याच तपासणीत पकडला जातो. इन्फेक्शन पूर्ण बरे झाल्यावर आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत हे पाहूनच तारीख दिली जाते. तपासणीच्या आगेमागे प्रतिजैविक द्यायचे असेल तर डॉक्टर लिहून देतात. तो डोस चुकवू नका. त्या दिवशी सकाळी मूल तापले असेल, तर निपाणीहून किंवा चिकोडीहून बस पकडण्याआधी फोन करा, कारण तपासणी पुढेच ढकलावी लागेल.

उपाशी आणायची गरज नसते. झोपेचे औषध देण्याचे ठरले असेल तरच वेगळ्या सूचना मिळतात. आधीच्या दोन-तीन दिवसांत मुलाला नीट शौचाला होईल असे पाहा, कारण साचलेला मळ फोटोही झाकतो आणि मूत्राशयही दाबतो. कपड्यांचे दोन जादा जोड आणा. आई गरोदर असेल, किंवा तशी शक्यता असेल, तर एक्स-रेच्या खोलीत बाबांनी किंवा आजीने थांबावे. जो थांबेल त्याला शिशाचा जड एप्रन मिळतो.

गेल्या पावसाळ्यानंतर खानापूर तालुक्यातल्या एका गावातून चार वर्षांची मुलगी आली होती. तिला वर्षभरात तापासह तीनदा इन्फेक्शन झाले होते आणि दोनदा केलेली सोनोग्राफी स्वच्छ होती. तिला टेबलावर निजवून, पाय बेडकासारखे दुमडून, जागा औषधाने पुसली. ते औषध थंड लागते, आणि बहुतेक मुले पहिल्यांदा तिथेच रडतात. मग भूल देणारी जेली लावून थोडा वेळ थांबलो आणि पेन्सिलीच्या शिशापेक्षा जराशी जाड, मऊ नळी आत सरकवली. हा अर्धा मिनिट मुलांना खरोखर नकोसा असतो. काही टोचणार नाही असे सांगून त्यांना फसवू नका, “थोडे जळजळेल, मी हात धरते” एवढे म्हणा. नळी चिकटपट्टीने मांडीला लावली की दुखणे ओसरते.

त्यानंतर एक्स-रेत पांढरे दिसणारे औषध सलाइनच्या बाटलीसारखे वर टांगून, दाब न देता, आपोआप आत उतरू देतात. मूत्राशयात किती मावेल याचा अंदाज वयात दोन मिळवून तीसने गुणून काढतात, म्हणजे चार वर्षांच्या मुलीला सुमारे 180 मिलिलिटर. एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी हा हिशेब चालत नाही, त्यांचा अंदाज वेगळा काढतात. तिच्या मूत्राशयात 150 मिलिलिटर गेले तेव्हा तिच्या पायांची बोटे आकसली आणि ती कंबर हलवू लागली. मूत्राशय भरल्याची ही खात्रीची खूण आहे. तोपर्यंतच्या फोटोत दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

आणि आता ती लघवी करेना. चार वर्षांच्या मुलीला वर्षभर घोकवलेले असते की अंथरुणात, लोकांसमोर, झोपून लघवी करायची नाही, आणि इथे आम्ही नेमके तेच सांगत होतो. टेक्निशियन तिच्याशी कन्नडमध्ये प्रेमाने बोलत होते, पण ती ऐकत होती फक्त आईचे. आईने घरच्या शब्दांत कानाशी सांगितले, मी पायांवर कोमट पाणी सोडले, दहाएक मिनिटे कोणीही घाई केली नाही. धार सुरू झाली तशी नळी काढून घेतली, आणि त्याच क्षणी डाव्या बाजूची मूत्रवाहिनी पांढरी होऊन मूत्रपिंडापर्यंत भरली. भरलेल्या मूत्राशयावरच थांबलो असतो तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ निघाला असता. म्हणून रिपोर्ट हातात आला की लघवी करतानाचा फोटो मिळाला असे त्यात लिहिले आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रत्येक बाजूची श्रेणी रिपोर्टात रोमन आकड्यांत वेगवेगळी लिहितात. पहिल्या श्रेणीत औषध फक्त मूत्रवाहिनीत चढते. दुसऱ्या श्रेणीत मूत्रपिंडापर्यंत जाते, पण काही फुगत नाही. तिसरीत मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाचा आतला पोकळ भाग थोडे फुगतात, चौथीत फुगवटा वाढून त्या भागाचे टोकदार कोपरे बोथट होतात, आणि पाचवीत मूत्रवाहिनी खूप फुगून नागमोडी वळते. या मुलीची डावी बाजू तिसऱ्या श्रेणीची आणि उजवी निर्दोष होती. वाढीसोबत भिंतीतला तो आखूड भाग लांबतो, त्यामुळे पहिल्या दोन श्रेणी बहुतेक मुलांत आपोआप जातात. चौथी-पाचवी जाण्याची शक्यता बरीच कमी. श्रेणी म्हणजे मूत्रपिंडाला झालेली इजा नव्हे. व्रण आहेत का हे पाहायला डीएमएसए नावाचा वेगळा स्कॅन असतो, आणि तो इन्फेक्शननंतर काही महिन्यांनी करतात. तिला डॉक्टरांनी रात्रीचा प्रतिजैविकाचा छोटा डोस सुरू केला, जुन्या बद्धकोष्ठावर उपचार दिले आणि तो स्कॅन लिहून दिला.

सगळे मिळून अर्धा-पाऊण तास लागतो, त्यात प्रत्यक्ष एक्स-रे अगदी थोडा वेळ चालू असतो. खरी अडचण नंतरच्या पहिल्या लघवीला येते: जळजळ होईल या भीतीने मूल ती धरून ठेवते. एकदा लघवी झाल्याशिवाय परतीच्या बसला बसू नका. भरपूर पाणी पाजा, आणि घरी गेल्यावरही ते रोखत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवून तिथेच करू द्या. एखादा दिवस जळजळ आणि किंचित गुलाबी लघवी चालते. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, लघवी लाल येत राहिली, किंवा पुढच्या दोन-तीन दिवसांत ताप आला, तर ताप साधा असेल म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी लघवीची तपासणी करून घ्या.