बाकी शून्य आली का?

पहिल्या वर्षी दुसऱ्या सेमिस्टरच्या चाचणीत एक गणित मी पूर्ण खात्रीने सोडवलं होतं, आणि तेच चुकलं. फर्स्ट ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन होतं, सोबत अट होती की x = 1 असताना y = 1:

```
x y' + 2y = x^2
```

इथे x आणि y वेगळे करता येत नाहीत, म्हणजे व्हेरिएबल सेपरेबल चालत नाही. समीकरण लिनिअर आहे. आधी सगळीकडे x ने भागलं, कारण इंटिग्रेटिंग फॅक्टर काढताना y' चा सहगुणक 1 लागतो. (हे विसरून P = 2 धरलं, तर फॅक्टर e^(2x) येतो आणि गणित तिथेच भरकटतं.) मग P = 2/x, त्याचं इंटिग्रल 2 ln x, आणि फॅक्टर x^2. दोन्ही बाजूंना x^2 ने गुणलं की डावी बाजू एका गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह होते:

```
(x^2 y)' = x^3
x^2 y = x^4/4 + C
```

शेवटी x^2 ने भागताना मी घाईत y = x^2/4 + C लिहिलं. अट घातली, C = 3/4 आलं. x = 1 ठेवून पाहिलं तर y = 1. उत्तर जुळलं म्हणून पुढच्या गणिताकडे वळलो.

पेपर घेऊन मी मावशीकडे बसलो होतो. ती प्राथमिक शाळेत शिकवते. हे गणित तिच्या ओळखीचं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "ताळा केलास का रे?" मी म्हटलं, अट घालून पाहिली ना. त्यावर ती म्हणाली, "अट तर तूच वापरलीस उत्तर काढायला. ताळा मूळ गणितात करायचा."

तिचं बरोबर होतं. C ची किंमतच मी त्या अटीवरून काढली होती, त्यामुळे चुकीचं सूत्रही x = 1 ला जुळणारच होतं. मग तिच्यासमोरच y आणि y' मूळ समीकरणात घातले. y' = x/2, म्हणून x y' = x^2/2. 2y = x^2/2 + 3/2. बेरीज x^2 + 3/2. उजवीकडे तर फक्त x^2 हवं. 3/2 बाकी उरली.

त्या बाकीनेच चूक दाखवली. C ची किंमत न घालता ताळा केला तर बाकी 2C येते. बाकीत C दिसतो, म्हणजे बिघाड C असलेल्या पदातच. हे पद पडताळायला सेपरेशन उपयोगी पडतं. उजवी बाजू शून्य धरली की x y' + 2y = 0 राहतं; dy/y = -2 dx/x असं वेगळं करून इंटिग्रेट केलं की y = C/x^2 मिळतं. म्हणजे C एकटा राहूच शकत नव्हता, त्याच्याखाली x^2 हवाच. बरोबर उत्तर:

```
y = x^2/4 + 3/(4x^2),   x > 0
```

उलट, फॅक्टरने उजवी बाजू गुणायलाच विसरलो असतो तर y = 1/2 + C/x^2 आलं असतं. ते मूळ समीकरणात घातलं की डावीकडे 1 येतो, x^2 नाही, आणि C पूर्ण निघून जातो. बाकीत C नसेल तर मी आता थेट उजव्या बाजूचं इंटिग्रेशन तपासतो.

पण ताळा सगळं पकडत नाही, हे सेपरेशनच्या गणितांत कळलं. y' = 2xy^2 घ्या. y^2 ने भागून dy/y^2 = 2x dx, त्यावरून y = 1/(C - x^2). ताळा चोख जुळतो. आता अट y(0) = 0 अशी द्या: C मिळतच नाही. मी अर्धा तास इंटिग्रेशनमध्ये चूक शोधत बसलो होतो. चूक पहिल्याच पायरीत होती. y^2 ने भागताना y शून्य नाही हे मी न लिहिताच मानलं, आणि y = 0 हे सरळ साधं उत्तर तिथेच हरवलं. ताळा हातातल्या उत्तराचा होतो, हरवलेल्याचा होत नाही. म्हणून भागण्याआधी "y = 0 चालतं का?" ही ओळ वहीत लिहूनच पुढे जातो.

त्याच समीकरणाला y(0) = 1 ही अट असेल तर y = 1/(1 - x^2). कुणी y(2) विचारलं, तर सूत्रात घालून -1/3 मिळतं, आणि x = 2 ला ताळाही जुळतो. तरी मी ते उत्तर लिहीत नाही. x = 0 पासून निघालेली ही वक्ररेषा x = 1 जवळ जाताना अनंताकडे जाते; तिथून पलीकडची शाखा वेगळी, तिचा आपल्या अटीशी संबंध नाही. उत्तराशेजारी मी -1 < x < 1 लिहितो, आणि y(2) समोर "या अटीच्या उत्तराला इथे किंमत नाही" असं.