मुंबई ते नेवार्क : १६ तास, तीन आसने आणि एक खिडकी

मुलीच्या बाळंतपणासाठी मी मे महिन्याच्या मध्यावर मुंबईहून नेवार्कला गेले. थेट विमान होते. रात्री दीडच्या सुमारास निघून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर कापायचे आणि न्यू जर्सीत त्याच दिवशी सकाळी आठला उतरायचे, म्हणजे १६ तास एका जागी बसायचे होते. आसनांची मांडणी तीन-चार-तीन अशी होती आणि माझी जागा उजव्या बाजूच्या तिघांमधली मधली होती. खिडकीशी पहिल्यांदाच परदेशी शिकायला निघालेला एक विद्यार्थी होता आणि वाटेकडेला गुडघ्यांचा त्रास असलेले एक काका होते.

माझी पहिली चूक विमानात चढतानाच झाली. मी उशिरा चढले, तोवर आमच्या रांगेवरचा सामानाचा कप्पा भरला होता. एका कप्प्यात चाकांच्या तीन-चार बॅगा नीट बसतात, पण त्या कशा ठेवल्या आहेत यावर सगळे अवलंबून असते. बॅग आडवी टाकली तर ती दोघांची जागा खाते. नव्या, खोल कप्प्यांत ती पुस्तकासारखी कडेवर उभी राहते आणि जुन्या कप्प्यांत चाके आतल्या बाजूला करून सरळ सरकवावी लागते. आमच्या कप्प्यात दोन बॅगा आडव्या होत्या आणि उरलेल्या जागेत कुणाचे तरी जॅकेट व ड्यूटी-फ्रीची पिशवी होती. जॅकेट आणि पिशव्या सर्वांचे सामान लागल्यावर वर ठेवायच्या असतात, हे मला ठाऊक होते. पण परक्याच्या वस्तूला हात लावायचा संकोच वाटला आणि मागे रांग खोळंबली होती. कर्मचारी मुलीने माझी बॅग आठ रांगा मागे नेऊन ठेवली. ती गेल्यावर मला आठवले की रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत आहेत.

म्हणून बाळंतपणाला निघालेल्या प्रत्येक आईला मी आता कळकळीने सांगते, की औषधे, पासपोर्ट, चष्मा आणि एक शाल एवढे वेगळ्या छोट्या पिशवीत घालून ती पिशवी पुढच्या आसनाखालीच ठेवावी. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मात्र डोक्यावर ठेवू नये. हवेच्या हेलकाव्यांत आतले सामान सरकते आणि उतरल्यावर कप्पा उघडताच ते खाली बसलेल्याच्या डोक्यावर येते. जड वस्तूची जागा पायाशीच आहे.

जेवण झाले, दिवे मंदावले आणि माझ्या पुढच्या प्रवाशाने आपली पाठ एका झटक्यात मागे केली. माझ्या ट्रेवर पाण्याचा अर्धा पेला होता, तो मांडीवर सांडला. त्या गृहस्थांचा हक्क मी नाकारत नाही. आसन मागे होते ते रेलण्यासाठीच, आणि १६ तासांच्या रात्रीच्या प्रवासात कुणी ताठ बसून झोपावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण इकॉनॉमीत एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारण ३१-३२ इंच असते आणि पाठ चार-पाच इंच मागे आली, की मागच्याच्या तोंडासमोरची जागा तेवढी कमी होते. लॅपटॉप उघडा असेल, तर त्याचा पडदा ट्रे आणि पाठ यांच्या खाचेत अडकून तडकू शकतो. त्यामुळे आधी मान वळवून पाहावे, मागच्याला "जरा मागे करतो हं" एवढे सांगावे आणि मग बटण दाबून पाठ हळूहळू न्यावी. जेवणाच्या वेळी ती सरळ करावी, कारण ट्रे तेव्हा सर्वांनाच लागतो.

मागे बसणाऱ्याचीही जबाबदारी असते. आमचे काका उठताना दर वेळी पुढच्या आसनाच्या डोक्याचा आधार घेत आणि तिथली झोपलेली बाई दचकून जागी होई. मी त्यांना म्हटले, "काका, हाताच्या दांडीवर भार देऊन उठलात तर गुडघ्यांनाही बरे पडेल." त्यांनी ते लगेच मानले. पुढच्याचे आसन मागे येऊच नये म्हणून ट्रेच्या दांड्यांना अडकवण्याचे एक साधनही मिळते. २०१४ साली त्याच्यावरून झालेल्या भांडणामुळे नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले विमान शिकागोत उतरवावे लागले होते. शब्दाने सुटणारी गोष्ट खिळ घालून सोडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न खिडकीचा निघाला. आपले घड्याळ सकाळचे सात दाखवत होते आणि त्या सुमारास उजव्या बाजूच्या झडपांच्या कडांतून केशरी रेघा दिसू लागल्या. उन्हाळ्यात या मार्गावर पहाट चटकन संपत नाही. उत्तरेकडच्या अक्षांशांवर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाचा वेग सूर्याच्या चालीच्या जवळपास येतो, म्हणून सूर्य कित्येक तास क्षितिजाच्या जरासा वर, विमानाच्या उजव्या-मागच्या अंगाला रेंगाळत राहतो. इतका खाली असलेला सूर्य एका उघड्या खिडकीतून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. आमच्या विद्यार्थ्याने हौसेने झडप पूर्ण वर केली, तशी प्रकाशाची पट्टी मधल्या चारही जणांच्या चेहऱ्यांवरून गेली आणि एक तान्हे मूल रडू लागले.

झडप खिडकीपाशी बसलेल्याच्या ताब्यात असते हा सर्वमान्य संकेत आहे, पण सगळे झोपलेले असताना उजेड मात्र सर्वांचा होतो. त्याचा पहिलाच प्रवास होता, त्याला आकाश पाहू नकोस म्हणणे मला जमले नाही. मी म्हटले, "बाळा, दोन बोटे उघडी ठेव आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन बघ." त्याने तसेच केले. थोड्या वेळाने "काकू, तुम्हीपण बघा ना" म्हणून त्याने जागा करून दिली आणि मी पांघरुणाखाली वाकून खालचे ढग पाहिले, कडेने गुलाबी आणि मध्ये अजून निळसर. काही नव्या विमानांत झडपच नसते. तिथे काच बटणाने गडद होते आणि कर्मचारी सगळ्या काचा एकदम गडद करू शकतात. तिथे हा वाद बराचसा मिटतो.

मधल्या आसनाला खिडकी नाही आणि वाटही नाही, म्हणून आतल्या दोन्ही दांड्या त्याच्या, हा संकेत दोघांनीही न सांगता पाळला. उठण्याबाबत आम्ही असे ठरवले की काका उठले की आम्ही दोघांनीही उठून घ्यायचे, म्हणजे त्यांना झोपेतून उठवायची वेळ फारशी येणार नाही. रात्रभरात त्यांना एकदाच जागे करावे लागले, तेही माझ्या गोळ्यांसाठी. मागे जाऊन झोपलेल्या तिघांच्या डोक्यावरचा कप्पा अंधारात उघडताना मला फार अपराधी वाटले.

उतरण्यापूर्वी झडपा उघडायला सांगितल्या. विद्यार्थ्याने कारण विचारले, तेव्हा काकांनी सांगितले की काही बिघडले, तर बाहेर कोणत्या बाजूला आग आहे ते आधी दिसले पाहिजे आणि डोळेही बाहेरच्या उजेडाला सरावलेले असले पाहिजेत. विमान थांबले, सगळे उठले. माझी बॅग आठ रांगा मागे असल्यामुळे मला उलट्या दिशेने जाणे शक्य नव्हते. मी दोघांना वाट करून दिली, पुन्हा बसले आणि मागच्या आठही रांगा रिकाम्या होईपर्यंत थांबले.