एका मिनिटाची जाहिरात आणि म्युझिकच्या क्लेमचे 33 दिवस (माझा अनुभव)

नागपूरच्या इतवारीतल्या एका मिठाईवाल्या काकाजींसाठी दिवाळीच्या आधी 60 सेकंदांचा अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ केला, संत्रा बर्फीचा. फॉन्ट, म्युझिक, मागची चित्रं, सगळ्यांचे लायसन्स मी आधीच पाहून ठेवले होते, तरी म्युझिकवर असा अडकलो की अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

फॉन्टचं काम अर्ध्या तासात झालं. आधी एका फुकट साइटवरून एक गोलमटोल देवनागरी फॉन्ट घेतला होता, पण झिपमधल्या रीडमी फाइलमध्ये स्पष्ट होतं की फक्त पर्सनल वापरासाठी. तो काढला आणि ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ फॉन्ट घेतला, तो ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, जाहिरातीत वापरायला एक रुपया लागत नाही आणि त्यात केलेला व्हिडिओ आपलाच राहतो, फक्त फॉन्टची फाइल नुसती विकायची नाही. झिपमध्ये `OFL.txt` नावाची फाइल असते, ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवून द्या.

आता म्युझिक. पहिला ट्रॅक जो आवडला तो क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सचा होता, CC BY-SA. मला वाटलं नाव दिलं की झालं. पण लायसन्सचा पूर्ण मजकूर वाचला तर त्यात लिहिलंय की गाणं किंवा रेकॉर्डिंग हलत्या चित्राबरोबर वेळ जुळवून लावलं की ती नवी, बदललेली कृती धरली जाते. म्हणजे SA असेल तर तुमचा अख्खा व्हिडिओ त्याच लायसन्सवर खुला करावा लागतो, काकाजींची जाहिरात उद्या कोणीही बदलून वापरू शकतो. ND, म्हणजे बदल करायला मनाई, असेल तर व्हिडिओत लावून प्रसिद्धच करता येत नाही, आणि NC तर धंद्यासाठी नाहीच. जाहिरातीसाठी नुसता CC BY, म्हणजे फक्त नाव द्यायची अट, किंवा CC0, म्हणजे कोणतीच अट नाही, एवढेच उरतात. हे मला पाच वर्षं काम करूनही माहीत नव्हतं.

मग विकतच घेऊ म्हटलं. एका स्टॉक साइटवरून रॉयल्टी फ्री ट्रॅक घेतला. रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट नाही, एकदा पैसे दिले की दर वेळेस वाजवल्याचे वेगळे द्यायचे नाहीत एवढाच अर्थ. जाहिरात चालेल असं लिहिलेला महागडा पर्यायच घेतला, साधा स्वस्त पर्याय जाहिरातीला चालत नव्हता. संत्र्याची फोड कापली जाते ते बरोबर तबल्याच्या थापेवर, सगळं टायमिंग त्या ट्रॅकवर बसवलेलं.

काकाजींच्या यूट्यूब चॅनलवर व्हिडिओ टाकला आणि तासाभरात कॉपीराइट क्लेम! काकाजींचा फोन, "पैसे देऊन घेतलं ना जी तुम्ही, मंग हे काय येऊन राहिलं?" वरून त्यांच्या बर्फीच्या व्हिडिओआधी भलत्याच चॉकलेटची जाहिरात दिसू लागली, कारण क्लेम करणाऱ्याने त्यावर जाहिराती चालू केल्या होत्या. मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

हे होतं कसं, ते नंतर नीट समजलं. संगीतकार आपला ट्रॅक स्टॉक साइटवर विकतो आणि तोच ट्रॅक डिस्ट्रिब्युटरमार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्येही नोंदवतो. ती सिस्टीम फक्त आवाज जुळवते, कोणी पैसे भरले ते तिला कळत नाही. म्हणून कायदेशीर विकत घेतलेल्यालाही क्लेम येतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर बसणारा दंडाचा शिक्का, नाही, चॅनलला धोका नसतो, हे काकाजींना समजवायलाच माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

खरी गडबड दुसऱ्या दिवशी झाली. काकाजींच्या पुतण्याने मला न विचारता डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकून दिला, आणि कारण निवडलं फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा मर्यादित वापर, खाली लिहिलं की आमचं चॅनल छोटं आहे आणि आम्ही क्रेडिट दिलंय. जाहिरातीत पूर्ण ट्रॅक वाजवतोय, तिथे फेअर यूज बसतच नाही. कारण License निवडायचं होतं. पण एकदा डिस्प्यूट गेला की समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, आणि आपण नुसतं बसायचं.

इकडे मी स्टॉक साइटच्या सपोर्टला लिहिलं. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर, लायसन्स तुमच्या नावावर आहे, चॅनल दुसऱ्याचं आहे. अरे हो आहे, मी क्लायंटसाठी केलंय, तुमच्याच नियमात क्लायंटला देता येतं असं लिहिलंय! परत मेल, परत चार दिवस. शेवटी क्लायंटचं नाव घातलेलं नवं सर्टिफिकेट आलं, पण तोवर दिवाळी तोंडावर, आणि साइटचं म्हणणं की डिस्प्यूट चालू आहे तर त्याचं उत्तर येऊ द्या. मित्र म्हणे, "काऊन रडत बसला बे, यूट्यूब स्टुडिओतून गाणं बदलून टाक." बदलता येतं, क्लेम पण जातो, पण दुसरं गाणं लावलं असतं तर एकही थाप जुळली नसती आणि व्हॉइसओव्हरचीही वाट लागली असती. नाही केलं, आणि बरं केलं.

28 व्या दिवशी डिस्प्यूट नामंजूर. मग अपील. हे चॅनलवाल्यालाच करावं लागतं, म्हणून मी स्वतः दुकानात जाऊन काउंटरमागे बसून काकाजींच्या लॉगिनमधून केलं. या वेळी ट्रॅकचं नाव, ऑर्डर नंबर, खरेदीची तारीख, लायसन्स कोणाच्या नावावर, क्लायंट कोण, व्हिडिओची लिंक, एवढंच मुद्देसूद लिहिलं. अपीलला समोरच्याकडे 7 दिवस असतात. अपील फेटाळून त्यांनी व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक बसू शकतो, म्हणून लायसन्स हातात नसताना अपील करूच नका. आम्हाला 33 व्या दिवशी क्लेम सुटल्याचा मेल आला. दिवाळी होऊन गेली होती, पण काकाजींनी बर्फीचा डबा दिला आणि मला खरंच हलकं वाटलं.

मागच्या चित्रांचं राहिलंच. संत्र्याच्या बागेची तीन बॅकग्राउंड एआयने बनवली होती. ज्या टूलच्या फुकट प्लॅनला धंद्याची परवानगी नव्हती त्याचा पेड प्लॅन घेतला, आणि त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ काढून ठेवली कारण अटी बदलत राहतात. एवढ्यावर परवानगी मिळते, पण मालकी पक्की होत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरने तयार झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती असं आहे, पण ते कलम 1994 च्या दुरुस्तीत आलंय, आजच्या टूल्सच्या कितीतरी आधी. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने 2023 मध्ये एका कॉमिकची मांडणी आणि मजकूर कॉपीराइटमध्ये धरला, पण त्यातली एआयची चित्रं वगळली. म्हणून बर्फीवाली आजी आणि डब्याचं डिझाइन मी हाताने काढलं, आणि करारात लिहून दिलं की बॅकग्राउंडवर एकट्याच्या हक्काची हमी नाही. तशी बाग उद्या दुसऱ्या दुकानाने बनवली तर काकाजींना अडवता येईलच असं नाही, पण आजीला हात लावला तर येईल.

अजून एक आठवलं. आता मी ट्रॅक घेतानाच क्लायंटचं नाव आणि चॅनलची लिंक साइटला देतो, काही साइट्स ते चॅनल आधीच क्लेममधून मोकळं करतात. आणि व्हिडिओ आधी अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा, टाकून एक दिवस ठेवतो, क्लेम यायचा असेल तर बहुतेक वेळा तेव्हाच येतो, लोकांना दिसायच्या आधी.