मेलबर्नमधून: रात्री साडेदहाचे मेसेज आणि पुण्याचा मॅनेजर

मी मेलबर्नला, मॅनेजर पुण्यात. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, आणि ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर पुढे गेली की साडेअकरा. सरांचा स्वतःच्या सिनियरबरोबरचा रिव्ह्यू साडेपाचला संपतो, तिथे त्यांना जे जे विचारलं जातं ते सगळं पुढच्या अर्ध्या तासात माझ्या टीम्सवर येऊन पडतं. "अगं, त्या डिफेक्टचं काय झालं?" शनिवारी सकाळी पण.

इथे २६ ऑगस्ट २०२४ पासून 'राइट टू डिसकनेक्ट' हा हक्क कायद्याने लागू झालाय (छोट्या कंपन्यांना एक वर्ष उशिरा). बऱ्याच जणांना वाटतं की आता बॉसने रात्री मेसेज करायलाच बंदी आहे, तसं अजिबात नाहीये. तो पाठवू शकतो, तुम्ही कामाच्या वेळेबाहेर तो वाचायला किंवा उत्तर द्यायला नकार देऊ शकता, फक्त तो नकार अवाजवी नको. म्हणजे कारण किती तातडीचं होतं, तुमची पोस्ट काय, ऑन-कॉलचे पैसे मिळतात का, घरी लहान मूल आहे का, हे सगळं बघितलं जातं. भांडण झालं तर आधी ऑफिसात बोलायचं, नाही मिटलं तर फेअर वर्क कमिशन. पण व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर असताना कायद्याचं कलम तोंडावर मारायची हिंमत कितीजणांत असते? माझ्यात नाही. आणि खरं सांगू का, त्याची गरज पण पडली नाही.

मी आधी सरांचे रात्रीचे जुने मेसेज वर स्क्रोल करून वाचून काढले. खरी आग लागलीय असे अगदी मोजके, बाकी सगळे "स्टेटस काय?" टाइपचे. म्हणजे त्यांना माझी रात्र नको होती, रिव्ह्यूमध्ये द्यायला उत्तर हवं होतं आणि ते नेमकं कधी मिळेल हे त्यांना माहीत नसायचं. मग वन-ऑन-वनमध्ये "मला रात्री त्रास होतो" हा सूर लावलाच नाही. म्हटलं, सर, तुम्हाला माझ्याकडून उत्तर कधी मिळणार हे आपण ठरवून टाकू, म्हणजे तुम्हाला वाट बघत बसायला नको. लगेच मेल पण टाकला, साधारण असा:

"मेलबर्नच्या ९ ते ६ मध्ये टीम्सवर तासाभरात उत्तर देईन. सहानंतर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत, शुक्रवारी रात्रीपासूनच्या मेसेजला सोमवारी दहापर्यंत. प्रॉडक्शन बंद पडलं किंवा पेमेंट अडकलं तर मेसेज नको, सरळ फोन करा, १५ मिनिटांत लॉगिन करते. वीकेंडला आधी ऑन-कॉलवाल्याला फोन. रोज पाचला हँडओव्हर नोट येईल."

यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची निघाली. इथले पाच म्हणजे पुण्याचे साडेबारा (इथल्या उन्हाळ्यात साडेअकरा), म्हणजे रिव्ह्यूच्या बऱ्याच आधी सरांच्या हातात नोट असते: काय संपलं, काय अडकलंय आणि कोणामुळे, पुढचं अपडेट कधी. काही शंका असली तर मी अजून डेस्कवरच असते. रात्रीचे निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच संपले.

फोनवर टीम्सची नोटिफिकेशन्स सहानंतर बंद, डू नॉट डिस्टर्बमध्ये फक्त सर आणि ऑन-कॉलवाल्याचा नंबर सोडलाय. आणि एक पथ्य, रात्री चुकून मेसेज दिसला तरी अंगठा सुद्धा द्यायचा नाही. अंगठा दिला की समोरच्याला कळतं की ही जागी आहे, मग पुढचा प्रश्न आलाच. फार सुचलंच तर उत्तर लिहून सकाळी नऊला शेड्यूल करून ठेवायचं.

सुरुवातीला सरांनी पारखून पण बघितलं म्हणा. एका रात्री फोन.
"अगं, क्लायंटच्या डेकमधली ती तिसरी स्लाइड..."
"सर, प्रॉडक्शन बंद आहे का?"
"नाही नाही, पण उद्या लागेल."
"मग साडेनऊला देते, तुमचे पाच वाजले असतील तेव्हा."
"बरं, चालेल." आणि खरंच चाललं, कारण सव्वानऊलाच स्लाइड गेली. नंतर एका शनिवारी माझा ऑन-कॉल असताना पेमेंटची बॅच अडकली तेव्हा मी बाजारात होते, भाजी तशीच ठेवून घरी पळाले आणि वेळेत लॉगिन केलं. त्या दिवसापासून स्लाइडसाठी फोन आला नाही. आधी हे दाखवायला लागतं बहुतेक, नुसत्या मेलवर कोण विश्वास ठेवतं.

अजून एक घोळ आहे तो व्हॉट्सअ‍ॅपचा. सर अधूनमधून तिथे लिहितात, आणि तिथे वहिनींच्या मोदकांचे फोटो पण येत असल्याने म्यूट करता येत नाही. सध्या मोदकांना तिथेच दाद देते आणि कामाचं उत्तर सकाळी टीम्सवर टाकते.