आता हलू का?

बुधवार, सकाळचे साडेनऊ. रात्रपाळी संपवून घरी येऊन दीड तास झाला, पडदे ओढून झाले, चहा दोनदा झाला, आणि तरीही झोप येत नाही. डोळे मिटले की त्या बाईंचा उशीवर ठेवलेला सरळ हात दिसतो. चूक म्हणावी तर कोणत्याही नोंदवहीत बसणार नाही एवढी लहान आहे. सुपरवायझरला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, घरी जा, झोप. म्हणूनच इथे लिहीत आहे.

घडले ते असे. पायाला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखाली जंतुसंसर्ग, होऊन आलेल्या या बाई, वय एकाहत्तर, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या, इथे ह्यूस्टनमध्ये मुलीकडे राहणाऱ्या. खालच्या विभागात त्यांना कोपराच्या घडीत सलाईन लावले होते आणि ते रात्री अकराच्या सुमारास आउट झाले. हात फुगला, गार पडला, पंप ओरडू लागला. कोपराच्या घडीत हे नेहमीच होते, कारण माणूस हात वाकवतो आणि वाकवायलाच हवा. मी ते काढले, हात उंच ठेवला आणि दुसऱ्या हाताला नवीन लावायचे ठरवले. अँटिबायोटिक दर आठ तासांनी जाणार होते, शिरा बारीक होत्या, म्हणून निळ्या रंगाची बावीस नंबरची कॅन्युला घेतली. ती मनगट आणि कोपर यांच्या मधल्या सपाट जागी लावायची, म्हणजे दोन्ही सांधे मोकळे राहतात. एवढे सगळे मी बरोबर केले होते, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचे वाचताना मला स्वतःचाच राग येणार आहे.

बाई घाबरलेल्या होत्या. पहिल्या वेळी तीनदा टोचले होते म्हणे. रुग्णालयाची तोंडी परीक्षा देऊन मी स्पॅनिशमध्ये थेट बोलण्याची परवानगी मिळवलेली आहे, त्यामुळे चाकांच्या स्टँडवरची व्हिडिओ-दुभाष्याची स्क्रीन मी ओढून आणली नाही. खुर्ची घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले आणि एकेक गोष्ट, ती करण्याच्या आधी, सांगत गेले. दंडाला पट्टा बांधताना ‘लिगा’ म्हणाले. मेक्सिकोकडच्या माणसाला हा रबरबँडचा शब्द चटकन कळतो, पुस्तकातला तोर्निकेते कळत नाही. औषधाने पुसताना ‘एस्ता फ्रिओ’, गार लागेल, असे सांगितले, आणि ते वाळेपर्यंत अर्धा मिनिट दोघीही गप्प बसलो. कॅन्युलाला स्पेनमध्ये ‘बिआ’ म्हणतात, पण माझ्या रुग्णांपैकी तो शब्द कोणी वापरत नाही. ते ‘सुएरो’ म्हणतात, जसे आपल्याकडे सगळे सलाईनच म्हणतात. टोचण्याला ‘पिंचासो’ न म्हणता ‘पिकेते’ म्हणायचे, हेही मी इथेच शिकले. ‘दुखणार नाही’ असे मी कधीच म्हणत नाही, कारण ते खोटे असते आणि पुढच्या क्षणी सुईच ते खोटे ठरवते. ‘बा अ सेंतिर उन पिकेते’, एक टोच जाणवेल, एवढेच.

‘मुंगी चावल्यासारखे वाटेल’ हे मिरजेतले वाक्य मात्र मी पहिल्या वर्षीच सोडून दिले. एका आजोबांना मी मोठ्या कौतुकाने ‘कोमो ऊना ओर्मिगा’ म्हटले आणि त्यांनी हात मागे ओढला. टेक्सासची लाल मुंगी चावली की आग होते आणि दुसऱ्या दिवशी पुवाचे फोड उठतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्याकडची मुंगी फारच सोज्वळ.

मग ते वाक्य आले. सुई त्वचेला लावण्याआधी मी म्हणाले, ‘नो से मुएवा, पोर फावोर.’ कृपा करून हलू नका. बाई म्हणाल्या, ‘सी, सेन्योरिता.’ सुई गेली, मागच्या नळीत रक्त दिसले, मी कोन कमी केला, दोन मिलिमीटर पुढे नेले, प्लास्टिकची नळी सुईवरून आत सरकवली, पट्टा सोडला, सुई मागे घेतली, पारदर्शक पट्टी चिकटवली, तारीख लिहिली आणि म्हणाले, ‘या. लिस्तो.’ झाले. एकाच प्रयत्नात. बाईंनी माझा हात दाबला. त्यांच्या टेबलावर पाणी ठेवले, घंटेचे बटण दाखवले, फुगले, दुखले किंवा जळजळले तर ते दाबायला सांगितले, आणि विचारले, काही प्रश्न आहेत का? ‘नो, ग्रासियास. तोदो बिएन.’ नाही, सगळे ठीक आहे. त्या खोलीतून मी स्वतःवर खूश होऊन बाहेर पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रात्रभर मी त्या खोलीत चार वेळा गेले. प्रत्येक वेळी दिवा मंद, डोळे मिटलेले, आणि हात उशीवर सरळ, तळवा वर. मला वाटले, किती समजूतदार रुग्ण आहे. हे वाक्य मी मनात खरोखर उच्चारले होते आणि तेच आता जास्त टोचते.

पहाटे पाच वाजता रक्तातली साखर तपासायला गेले तेव्हा बाई जाग्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू, जणू काही जास्तीचे मागत असाव्यात तसे, विचारले, ‘या मे पुएदो मोवेर?’

आता हलू का?

बोटे ताठरली होती. पाण्याचा पेला भरलेलाच होता, कारण तो त्या हाताच्या बाजूला होता. रात्रभर त्या लघवीलाही उठल्या नव्हत्या. मी विचारत गेले तसे एकेक निघाले. पहिला हात आपणच हलवल्यामुळे फुगला, असे त्यांना वाटत होते. सुई अजून आतच आहे आणि हात वाकवला तर ती आत कुठेतरी टोचेल किंवा मोडेल, असेही वाटत होते. आणि नर्सने तर सांगितले होते, हलू नका. तेही ‘कृपा करून’.

एकही शब्द चुकला नव्हता, हेच मला पचत नाही. आम्हाला शिकवतात ते चुकलेल्या शब्दांबद्दल. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणले, घरचे ‘इंतोक्सिकादो’ म्हणाले, म्हणजे काहीतरी बाधले आहे, आणि तिकडे अर्थ लागला अमली पदार्थाचा. डोक्यातला रक्तस्राव वेळेत कळला नाही आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात येते आणि ऐकणारा प्रत्येक जण मनात म्हणतो, मला तो शब्द माहीत आहे. मलाही माहीत होता. मला येत असलेली सगळी वाक्ये मी बरोबर म्हटली. जे म्हटले नाही, ते कोणत्या परीक्षेत विचारणार?

आणि मराठीत मी ते म्हटले असते, याची मला खात्री आहे. ‘आता हलू नका हं काकू... झालं, झालं, सोडा हात मोकळा.’ हे तोंडातून आपोआप निघते, त्यात मागे घेणेही येऊन जाते, कोणी शिकवावे लागत नाही. स्पॅनिश मी वाक्यांच्या यादीने शिकले आणि यादी ‘या, लिस्तो’ला संपते. माझ्या ‘झाले’चा अर्थ माझे काम झाले, एवढाच होता. त्यांच्या मनाईला मी कुठेच पूर्णविराम दिला नव्हता. ‘उस्तेद’, म्हणजे आदराचे ‘तुम्ही’, वापरून, अदबीने, हसून दिलेला हुकूम सहा तास चालू राहिला. बाई ओरडल्या असत्या तर बरे झाले असते, पण त्यांच्याकडे, आणि माझ्या आजीकडेही, दवाखान्यात कोणी विचारले की ‘हो, बरं आहे’ असेच म्हणायचे असते. ‘काही प्रश्न आहेत का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर असते, हे मला बावीसाव्या वर्षी मिरजेत माहीत होते. इथे येऊन मी ते कसे विसरले?

आईला गेल्या मार्चमध्ये तीन दिवस सलाईन लावले होते. तिने मला फोनवर सांगितले होते, हात बरा आहे. मी पुढे विचारले नव्हते. ते आज नको.

पाच वाजता मग मी तेच केले जे अकरा वाजता करायला हवे होते. बंद पाकिटातली एक नवी कॅन्युला आणली, फोडली, आणि त्यांच्यासमोर सुई बाहेर काढून दाखवली. ‘ला आगुखा सालिओ. नादा मास से केदा एस्ते तुबितो.’ सुई बाहेर आली, आत राहते ती फक्त ही नळी. ती नळी त्यांच्या दुसऱ्या हाताच्या बोटांत दिली. त्यांनी ती वाकवून पाहिली, सोडली, पुन्हा वाकवली. ‘आय,’ म्हणाल्या, ‘एस बलांदिता.’ मऊ आहे की. मग मी ‘कळले का’ असे विचारले नाही. म्हटले, मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, मुलगी आली की तिला तुम्ही काय सांगाल? त्यांनी सांगितले. सुई नाही, नळी आहे, हात वाकवता येतो, ओढायचे नाही, फुगले तर बटण दाबायचे. आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘आणि हलता येते.’ मी त्यांना बाथरूमपर्यंत नेले. जाताना त्या हातानेच त्यांनी माझा खांदा धरला होता.

चार मिनिटे लागली. सहा तास आणि चार मिनिटे, असा हिशेब मी गाडीत बसून करत होते आणि तो मूर्खपणाचा आहे.

गुरुवार, पहाट. काल अखेर दोन वाजता झोप लागली. बाई दुसऱ्या मजल्यावर गेल्या. हाताला काही झालेले नाही, हे विचारून घेतले. आज रात्री एका एकोणीस वर्षांच्या मुलाला सलाईन लावले, बांधकामावरून पडलेला, तोही स्पॅनिशच बोलणारा. सुई काढली, ती त्याला दाखवली, नळीचे सांगितले, आणि अगदी स्पष्ट, सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, ‘या से पुएदे मोवेर.’ आता हलता येईल.

त्याने वर पाहिले. त्याच हाताने तो केव्हाचा फोनवर काहीतरी टाइप करत होता. ‘पुएस क्लारो,’ म्हणाला, म्हणजे ते तर आहेच की, आणि पुन्हा फोनमध्ये बुडाला.