निरोपाच्या मेलमधली आग

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत, ट्रॅक्टरचे गिअर बनवणारा. मी प्लांट हेडच्या ऑफिसात काम करते आणि सगळ्या युनिट्सना जाणारी पत्रं बहुतेक माझ्या हातून जातात. हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे गिअर भट्टीत तापवून कठीण करणाऱ्या विभागाचे साहेब 31 ऑक्टोबरला निवृत्त होणार होते. एचआरमधल्या नव्या मुलाने घोषणेचा मेल लिहून पाठवला आणि प्लांट हेड म्हणाले, "जरा बघून घे, मग पाठवू."

मेल चांगला दीड पान होता. सुरुवात 'एका युगाचा अंत' अशी, मध्ये 'कधीही न भरून निघणारी पोकळी', शेवटी 'उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो'. माणूस अजून रोज सकाळी पावणेसातला भट्टीपाशी उभा असतो, आणि मेल वाचून वाटावं की हार घेऊनच जायचं आहे! ही वाक्यं मी पहिल्या फटक्यात काढली. त्यांना कापायला कष्ट पडत नाहीत. माहितीसारखी दिसणारी वाक्यं मात्र अवघड होती, कारण ती खरी आहेत की नाहीत हे खुर्चीत बसून कळत नाही.

पहिलं वाक्य होतं, 'हीट ट्रीटमेंट विभागाचे संस्थापक, 34 वर्षांची अखंड सेवा.' भट्टीवरच्या पट्टीवर 1986 साल कोरलेलं आहे आणि साहेब आले 1989 मध्ये, म्हणजे संस्थापक नाहीत. 34 हा आकडा सर्व्हिस रेकॉर्डमधल्या 1991 वरून आला होता. ते त्यांच्या कायम होण्याच्या आदेशाचं साल. त्याआधी दोन वर्षं ते ट्रेनी होते, आणि साहेब स्वतः मोजतात ते ट्रेनी असल्यापासून. अशा वेळी वर्षं मोजायचीच नाहीत, साल लिहायचं: '1989 मध्ये ट्रेनी म्हणून रुजू.' रेकॉर्डही बरोबर राहतं आणि माणूसही.

दुसरा दावा क्राऊन व्हीलचा. हा मोठ्या व्यासाचा, कमी जाडीचा गोल गिअर. भट्टीत साधारण 920 अंशांना तासन् तास कार्बन मुरवायचा आणि मग गरम नग तेलात बुडवायचा. त्या तापमानाला पोलाद नरम असतं. नग नीट टेकलेला नसेल तर स्वतःच्याच वजनाने वाकतो, आणि तेलात एक बाजू आधी थंड झाली की गोलाई बिघडते. पूर्वी हे नग दांडीला टांगत, नंतर सपाट जाळीवर आडवे ठेवायला लागले. मसुद्यात लिहिलं होतं, 'त्यांनी एकहाती बाद नग 90 टक्क्यांनी कमी केले.'

क्वालिटीच्या जुन्या रजिस्टरमध्ये बाद होण्याचं कारण फक्त 'डिस्टॉर्शन' एवढंच, सगळ्या गिअरचं मिळून. क्राऊन व्हीलची वेगळी नोंद नग टेकवायचं फिक्स्चर बदलल्यावरच सुरू झालेली. आधीचा आकडाच नाही, मग टक्का काढणार कशाचा? साहेबांना विचारलं तर ते हसले. "आडवं ठेवायची कल्पना आमच्या फिटरची. मी ड्रॉइंग केलं आणि भांडून जाळीला पैसे मंजूर करून घेतले." त्यामुळे आकडा गेला आणि फिटर आला.

तिसरं वाक्य मला स्वतःला आवडलं होतं: 'त्यांच्या कार्यकाळात विभागात एकही अपघात झाला नाही.'

साहेबांनी मसुदा वाचून त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे काढा. आग लागली तेव्हा शिफ्ट माझीच होती."

मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. तेल थंड ठेवणाऱ्या कूलरची एक नळी आतून गळली आणि पाणी तेलात गेलं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी बसतं आणि वरून काही दिसत नाही. लालभडक नगांची रास त्यात उतरली की त्या पाण्याची एकदम वाफ होते, तेल उसळून टाकीबाहेर येतं आणि पेटतं. एका ऑपरेटरचा हात भाजला. तो आजही डिस्पॅचला आहे, आणि हा मेल त्यालाही जाणार होता. त्याने ती ओळ वाचली असती तर पुढच्या एकाही ओळीवर विश्वास ठेवला नसता.

त्या आगीनंतर साहेबांनी तव्याची टेस्ट सुरू केली. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला टाकीच्या तळातून थोडं तेल काढायचं आणि गरम प्लेटवर चार थेंब टाकायचे. तडतडलं तर पाणी आहे, चार्ज म्हणजे नगांची रास उतरवायची नाही. पाणी अगदी थोडं असेल तर ही टेस्ट चुकू शकते, म्हणून ठरावीक काळाने नमुना लॅबलाही जातो. पण शिफ्टवर लगेच हो-नाही सांगणारी हीच. साध्या कामगारापासून सगळे तिला 'तवा' म्हणतात आणि दीड पानांच्या मसुद्यात तिचा उल्लेखच नव्हता!

मेलमध्ये आग लिहायची का, हा प्रश्न होता. मी साहेबांना आणि त्या ऑपरेटरला, दोघांनाही विचारलं. ऑपरेटर म्हणाला, "तवा लिहा मॅडम. ज्याला कळायचं त्याला कळेल." मग तसंच केलं.

साहेबांच्या बायपासचं आणि अमेरिकेतल्या मुलीचं वाक्य मी न विचारताच काढलं. 'निवृत्तीनंतर गावी शेती करणार' याबद्दल विचारलं, तर म्हणाले की त्याला घरून अजून मंजुरी नाही. तेही गेलं. त्यांच्या जागी कोण, याच्या आदेशावर सही व्हायची होती, म्हणून नाव न घालता सध्या काम कोण पाहणार तेवढं लिहिलं. मेल जाण्याआधी प्लांट हेडनी विभागातल्या लोकांना तोंडी सांगितलं. रोज शेजारी उभं राहणाऱ्याला ही बातमी स्क्रीनवर कळू नये.

नोटिस बोर्डावर लागलेला मराठी मजकूर असा, नाव वगळून:

'विषय: हीट ट्रीटमेंटचे श्री. … 31 ऑक्टोबर रोजी निवृत्त होत आहेत

सहकाऱ्यांनो,
हीट ट्रीटमेंट विभागाचे प्रमुख श्री. … 31 ऑक्टोबर 2025 रोजी निवृत्त होत आहेत. 1989 मध्ये ते ट्रेनी म्हणून रुजू झाले आणि सगळी वर्षं याच विभागात राहिले. क्राऊन व्हील आडवे ठेवण्याचं फिक्स्चर त्यांनी फिटरांच्या सोबतीने उभं केलं. प्रत्येक शिफ्टला होणारी तव्याची टेस्ट त्यांनी सुरू केली, ती आजही चालू आहे. भट्टीचा चार्ट वाचायला आपल्यातले अनेक जण त्यांच्याकडून शिकले.
1 नोव्हेंबरपासून विभागाचं काम प्रॉडक्शन मॅनेजर पाहतील.
निरोपाचा चहा 31 तारखेला दुपारी साडेतीनला कँटीनमध्ये. साहेब, मनापासून आभार.'

प्लांट हेडनी वाचून विचारलं, "इतकंच? लोकांना वाटेल आपण कंजुषी केली." मी म्हटलं, बाकीचं भाषणात बोला, तिथे साहेब समोर असतील आणि चुकलात तर लगेच थांबवतील. त्यांनी फक्त 'मनापासून' हा शब्द स्वतः घातला. तो बरा आहे, ठेवला.

मेल गेल्यावर दुसऱ्या युनिटमधून उत्तर आलं: तव्याची टेस्ट आमच्याकडेही आहे, साहेब एकदा ऑडिटला आले होते तेव्हा दाखवून गेले. हे इथे कोणालाच माहीत नव्हतं, साहेबही विसरले होते. मेल परत पाठवला नाही. ते उत्तर छापून प्लांट हेडच्या भाषणाच्या कागदांत ठेवलं.